नॅनोचं नक्की काय चुकलं: गिऱ्हाईक चुकीचं निवडलं, की सांगितलं चुकीचं?

सोलापूरचा_पोरगा

नमस्कार मंडळी. एमबीएचं पहिलं वर्ष, मार्केटिंगची असाइनमेंट. कुठलीही एकच वस्तू घेऊन तिचं सेगमेंटेशन, टार्गेटिंग, पोझिशनिंग लिहायचं होतं, म्हणजे गिऱ्हाइकांचे गट पाडायचे, त्यातला एक निवडायचा आणि त्याच्या मनात वस्तू काय म्हणून बसवायची ते सांगायचं. मी टाटा नॅनो घेतली. घरात नॅनो आहे म्हणून नव्हे, माहिती भरपूर मिळते म्हणून. खोटं कशाला बोलू.

मी असं लिहिलं:
सेगमेंट: कनिष्ठ मध्यमवर्ग.
टार्गेट: स्कूटरवर चौघं बसून जाणारं कुटुंब.
पोझिशनिंग: जगातली सर्वांत स्वस्त गाडी.

सरांनी मार्क दिले नाहीत. खाली लाल पेनाने एकच ओळ लिहिली, "मग गाडी का चालली नाही?" आणि पुढच्या सोमवारी परत लिहून आण म्हणाले.

तर प्रश्न असा की या तिन्हींतली नक्की कुठली पायरी चुकली? मला तरी तिन्ही बरोबर वाटतात. रतन टाटांनी स्वतःच सांगितलं होतं ना, की पावसात स्कूटरवरचं कुटुंब बघून ही कल्पना सुचली म्हणून.

चहाबाज

नॅनो घेतलीस म्हणजे वर्गातल्या निम्म्या पोरांनी नॅनोच घेतली असणार. सर वैतागून लाल पेन काढणार नाहीत तर काय करतील.

सोलापूरचा_पोरगा

@चहाबाज, निम्म्या नाही, अकरा जणांनी. बाकीच्यांनी मॅगी.

बाळासाहेब_६२

सेगमेंटबद्दल म्हणाल तर सध्या फ्युचर्सच्या सेगमेंटपासून लांबच राहा. माझे गेल्या वर्षी चांगलेच हात पोळले आहेत. वाहन कंपन्यांचे शेअर घ्यायचे तर रोखीने घ्या आणि विसरून जा.

चहाबाज

काका, धागा चुकला. पण सल्ला चांगला आहे, ठेवून घेतो.

वादळवारा

यात पोझिशनिंग वगैरे काही नाही. सगळं राजकारण. बंगालमधला सिंगूरचा कारखाना ऑक्टोबर २००८ मध्ये सोडावा लागला, गुजरातेत साणंदला नव्याने उभा करावा लागला, तोवर लोकांचा उत्साह ओसरला. त्यात २०१० मध्ये काही गाड्यांना आगी लागल्या, त्याच्या बातम्या झाल्या. संपलं. गाडी वेळेवर मिळाली असती तर आज घरोघरी नॅनो दिसली असती. मार्केटिंगवाल्यांना प्रत्येक गोष्टीत आपला सिद्धांत दिसतो.

शोरूम_सोडलेला

मी त्या काळात पश्चिम महाराष्ट्रातल्या एका डीलरकडे विक्रीला होतो. २००९ च्या एप्रिलमधलं बुकिंग मी टेबलावर बसून घेतलंय, म्हणून लिहितो.

पहिली गोष्ट, लाखाची गाडी लाखाला कुणालाच मिळत नव्हती. एक लाख ही कारखान्यातून निघतानाची किंमत. त्यावर कर, वाहतूक, नोंदणी, विमा. आणि ती सगळ्यात साधी गाडी, तिला एसी नाही. ज्याला आम्ही एलएक्स म्हणायचो ती वरची गाडी रस्त्यावर येईपर्यंत जवळजवळ दोन लाखांच्या घरात जायची.

दुसरी गोष्ट गिऱ्हाइकांची. आमच्याकडे दोन प्रकारची माणसं यायची. एक जण अजून डोळ्यासमोर आहे. भाजीचा व्यापारी, बायको आणि दोन मुलं बरोबर. काचेच्या दाराशी आला आणि चपला काढायला लागला. मी धावत जाऊन म्हटलं, अहो दादा, राहू द्या, या आत. तो गाडीभोवती फिरला, मुलांना आत बसवलं, बायकोने सीटवरून हात फिरवला. मग मला बाजूला घेऊन एकच विचारलं, "साहेब, महिन्याला किती?" किंमत विचारलीच नाही. किंमत त्याला टीव्हीवरून माहीत होती. मी हप्ता सांगितला. त्याने मान हलवली, चहा घेतला आणि गेला. परत आला नाही.

दुसऱ्या प्रकारचा माणूस गाडीतूनच यायचा. इंडिका, सँट्रो असं काहीतरी बाहेर लावलेलं असायचं. त्याचे प्रश्न वेगळे. एसी कसा आहे, मागची डिकी उघडते का? (उघडायची नाही. सामान आतून, मागची सीट पाडून ठेवावं लागायचं.) बायकोला चालवायला सोपी पडेल का? हा माणूस बुकिंग करून जायचा.

वादळवारा, तुमचं सिंगूरचं म्हणणं निम्मं खरं आहे. गाड्या उशिरा मिळाल्या हे बरोबर. पण भाजीवाल्या दादांना मी त्याच दिवशी गाडी दिली असती तरी त्यांनी घेतली नसती.

विदुला_ठाणे

चपला काढल्या हे वाचून पोटात कालवलं.

आकडेमोडे

मी ग्राहक-संशोधनात आहे. आता वाहनांचं काम करत नाही, पण या गाडीच्या बुकिंगचे आकडे त्या वेळी कंपनीनेच जाहीर केले होते आणि ते माझ्या डोक्यात पक्के बसलेत. साधारण २ लाख ३ हजार बुकिंग. त्यातली सगळ्यात स्वस्त गाडी २० टक्के लोकांनी मागितली. मधली ३० टक्के. वरची, एसीवाली एलएक्स, ५० टक्के.

सोलापूरकर, तुझं उत्तर या तीन आकड्यांत आहे. तू म्हणतोस पोझिशनिंग 'सर्वांत स्वस्त'. पण सर्वांत स्वस्त जे होतं ते मागणारे पाचात एक. निम्मे लोक सर्वांत महाग मागत होते. म्हणजे दवंडी पिटली एका वाड्यात आणि माणसं आली दुसऱ्याच वाड्यातून.

आता तुझ्या पहिल्या पायरीकडे. 'कनिष्ठ मध्यमवर्ग' हा उत्पन्नाचा कप्पा आहे. त्यात हात घातलास तर काय काय निघेल बघ. एक, ज्याला पावसात पोराला भिजू द्यायचं नाहीये. दोन, ज्याला सोसायटीत पेढे वाटून सांगायचंय की आपण गाडी घेतली. तीन, ज्याच्या घरी आधीच एक गाडी आहे आणि बाजारात, शाळेत, बँकेत जायला दुसरी छोटी हवी आहे. हा तिसरा तर तुझ्या कप्प्यात बसतही नाही, पण गाडी तोच घेतो. तिघांना वेगवेगळं काही हवंय, म्हणून हे तीन सेगमेंट. पगार सारखा असला तरी.

हे ओळखायचं कसं, तर आम्ही एक साधा प्रश्न विचारतो. ही वस्तू बाजारात नसती तर याच पैशांत तुम्ही काय घेतलं असतं? पहिला म्हणेल, नवी मोटरसायकल, आणि उरलेले पैसे बँकेत. दुसरा म्हणेल, जुनी मारुती ८०० किंवा थोडं थांबून ऑल्टो. तिसरा म्हणेल, मुलीसाठी स्कूटी. बघ, तीन वेगळे प्रतिस्पर्धी निघाले. नॅनोची तुलना कशाशी होणार हेच तिघांत वेगळं आहे. मग तिघांना एकच वाक्य कसं लागू पडेल?

वादळवारा

आकडेमोडे, आगींचं काय? ते सोयीस्करपणे विसरलात.

आकडेमोडे

विसरलो नाही. नोव्हेंबर २०१० मध्ये कंपनीकडून डीलरांकडे अख्ख्या महिन्यात ५०९ नॅनो गेल्या. साणंदचा कारखाना त्याच्या आधी, जून २०१० मध्ये सुरू झालेला, त्याची क्षमता वर्षाला अडीच लाख. म्हणजे तेव्हा गाडी मिळत नव्हती ही सबब उरत नाही. आगीच्या बातम्यांचा हात त्यात होताच, नाही म्हणत नाही. त्यानंतर कंपनीने चार वर्षांची वॉरंटी दिली, कर्ज सोपं केलं, आणि विक्री वर आली. २०११-१२ हे तिचं सगळ्यात चांगलं वर्ष, सुमारे ७४,५०० गाड्या. आता हे सगळ्यात चांगलं वर्षही क्षमतेच्या एक तृतीयांशाखाली. केवळ भीती हेच कारण असतं तर भीती ओसरल्यावर गाडी आणखी वर जायला हवी होती. ती तिथून खालीच आली.

तरी एक कबूल करतो. भीती आणि 'स्वस्त' हा शिक्का एकमेकांना चिकटतात. महाग गाडीला आग लागली तर लोक म्हणतात अपघात. स्वस्त गाडीला लागली की म्हणतात, लाखात अजून काय मिळणार. यातला कुणाचा वाटा किती हे वेगळं काढून दाखवणं मला तरी जमणार नाही.

वादळवारा

हे शेवटचं मान्य. बाकी राजकारणावर मी ठाम आहे.

मुक्ता_नागपूर

@आकडेमोडे, मला एक शंका आहे. निम्म्या लोकांनी एलएक्स मागितली म्हणजे ते सगळे आधीच गाडीवाले होते असं कुठे सिद्ध होतं? आमच्या बाबांनी आयुष्यभर लुना चालवली आणि फ्रिज घेतला तो दुकानातला सगळ्यात मोठा. "एकदाच घ्यायचाय तर चांगला घेऊ." आमच्याकडे उन्हाळ्यात ४५-४६ डिग्री असते, तिथे लुनावालासुद्धा एसीशिवाय गाडी घेणार नाही. म्हणजे एलएक्स घेणारा स्कूटरवालाच असू शकतो.

आकडेमोडे

अगदी बरोबर पकडलंत. बुकिंगचे आकडे काय मागितलं ते सांगतात, घरात आधी काय होतं ते सांगत नाहीत. त्यासाठी फॉर्मवर तो प्रश्न लागतो. मी वर जरा जास्तच जोरात बोललो. शोरूमवाल्यांचा अनुभव माझ्या बाजूने आहे, पण तो एका गावाचा.

शोरूम_सोडलेला

आमच्याकडे नागपूरसारखं ऊन नाही हेही खरं. पण एसी नको म्हणणारा मला तरी मोजकाच भेटला.

हिशेबी

त्या भाजीवाल्या दादांचा हिशेब मी करून बघितला. आकडे माझे, अंदाजाचे, २००९ च्या आसपासचे. चुकले तर सांगा.

मोटरसायकल ४५ हजार. दहा हजार हातातले, ३५ हजार कर्ज, तीन वर्षं, बारा टक्के. हप्ता साधारण ११६० रुपये. महिन्याला ७५० किलोमीटर, लिटरला ५०, म्हणजे १५ लिटर. पेट्रोल ४५ रुपये धरलं तर ६७५. एकूण १८३५ च्या आसपास.

नॅनो रस्त्यावर दीड लाख धरू. ३० हजार हातातले, १ लाख २० हजार कर्ज, पाच वर्षं, तेच बारा टक्के. हप्ता २६७० च्या आसपास. कंपनीचा आकडा लिटरला २३.६ होता, गावातल्या गर्दीत मी १९ धरतो. ३९-४० लिटर, म्हणजे १७७५. एकूण जवळजवळ ४४५०. विमा, पार्किंग, सर्व्हिसिंग यात नाही.

म्हणजे महिन्याला अडीच हजाराहून जास्त फरक. जाहिरातीत एक लाख हा आकडा दिसला, तो मोटरसायकलच्या दुप्पट-सव्वादोनपट. खिशाला मात्र दरमहा अडीचपट चटका, तोही तीनऐवजी पाच वर्षं. आणि कर्ज देताना बँक पगाराची स्लिप मागते, भाजीवाल्याकडे ती कुठून येणार?

शोरूम_सोडलेला

हिशेबी, स्लिपचं अगदी बरोबर. आमच्या टेबलावर निम्मा वेळ त्यातच जायचा. विमाही धरा, मग दादांनी मान का हलवली ते कळेल.

सोलापूरचा_पोरगा

म्हणजे माझं टार्गेटिंग चुकलं तर? स्कूटरवालं कुटुंब हे टार्गेट घ्यायलाच नको होतं?

आकडेमोडे

घाई नको. त्या कुटुंबाला गाडी हवी होती, यात चूक नाही. संख्या प्रचंड होती, तेही खरं. पण टार्गेट ठरवताना आणखी दोन गोष्टी बघाव्या लागतात. त्याला परवडतंय का, आणि आपण त्याच्यापर्यंत पोचतोय का. हिशेबींनी पहिली दाखवली. दुसरी काचेच्या दाराशी काढलेल्या चपलांमध्ये आहे. मोटरसायकल घेणारा माणूस ज्या दुकानात जातो तिथे मेकॅनिक ओळखीचा असतो, फायनान्सवाला बाहेर खुर्ची टाकून बसलेला असतो. नॅनो त्या दुकानात नव्हती. ती इंडिकाच्या शेजारी उभी होती.

म्हणजे मनातलं टार्गेट एक होतं, आणि किंमत, कर्ज, दुकान या सगळ्यांनी मिळून निवडलेलं टार्गेट दुसरं.

विदुला_ठाणे

माझा छोटासा अनुभव लिहिते, अवांतर वाटलं तर सोडून द्या. मी घरगुती डबे देते. सुरुवातीला पाटी लावली होती, "स्वस्त आणि घरगुती". मला वाटलं विद्यार्थी येतील. विद्यार्थी आले नाहीत, त्यांना वडापाव माझ्यापेक्षा स्वस्त पडतो. आले ते बँकेतले, पथ्यवाले, एकटे राहणारे आजोबा. आणि त्यांना 'स्वस्त' शब्दाचीच अडचण. एका आजोबांनी सांगितलं, "अहो, सून विचारते, तुम्ही स्वस्तातलं जेवता का?" मी पाटीवरचा स्वस्त शब्द काढला आणि "कमी तेल, कमी तिखट" लिहिलं. भाव तोच ठेवला. दोन महिन्यांत आठ डबे वाढले.

मुक्ता_नागपूर

सून विचारते! म्हणजे घेणाऱ्याला स्वस्त चालतं, पण बघणारा काय म्हणेल याची धास्ती. नॅनोत हेच झालं. मोटरसायकलवरून उतरून गाडीत बसायचं ते एक पायरी वर चढायला. आणि गाडीच्या कपाळावर लिहिलेलं 'सगळ्यात स्वस्त'.

चहाबाज

पेढे वाटायचे आणि सोबत "स्वस्तात मिळाली हो" म्हणायचं. पेढ्याची चव जाते.

दादरचा_म्हातारा

हा शिक्का नेमका कुणी मारला? मला आठवतं, जानेवारी २००८ मध्ये दिल्लीच्या प्रदर्शनात गाडी दाखवली तेव्हा सगळे पेपर 'लाखाची गाडी' म्हणूनच नाचत होते. कंपनी बिचारी काय करणार? दिलेला शब्द पाळला यात काय वाईट?

आकडेमोडे

पेपरांनी मारला आणि कंपनीने पुसला नाही. रतन टाटांनी पुढे २०१३ मध्ये एका मुलाखतीत साधारण हेच मान्य केलं, की लोकांनी आणि विक्री करताना कंपनीनेही तिला स्वस्त गाडी म्हटलं, ते दुर्दैवी झालं.

गंमत अशी की सांगण्यासारखं गाडीत बरंच होतं. मारुती ८०० पेक्षा बाहेरून सुमारे आठ टक्के छोटी आणि आतून वीसेक टक्के ऐसपैस, असा कंपनीचाच दावा होता. इंजिन मागे टाकल्यामुळे पुढे पाय पसरायला जागा. चार मीटरच्या त्रिज्येत वळायची, म्हणजे पुण्याच्या पेठांमध्ये एका दमात वळवता येईल अशी. हे सगळं त्या तिसऱ्या माणसाच्या, दुसरी गाडी घेणाऱ्याच्या उपयोगाचं. त्याला 'गल्लीतली ऐसपैस गाडी' सांगितली असती तर त्याला ती मिरवताही आली असती.

शोरूम_सोडलेला

पण डिकी उघडत नाही आणि पॉवर स्टिअरिंग नाही, हे त्या तिसऱ्याला कसं चाललं असतं? बायकोला चालवायला घेणारा माणूस स्टिअरिंग हातात धरूनच बघतो.

आकडेमोडे

तोच मुद्दा. पोझिशनिंग म्हणजे नुसतं वाक्य नव्हे. २०१३ मध्ये कंपनीने तरुणांसाठी रंगीबेरंगी जाहिराती सुरू केल्या, पण गाडी तीच होती. पॉवर स्टिअरिंग आलं २०१४ च्या ट्विस्ट मॉडेलमध्ये. उघडणारी डिकी आली २०१५ च्या जेनएक्समध्ये, ऑटोमॅटिक गिअरही तेव्हाच. वाक्य आधी बदललं, गाडी मागून बदलली. आणि तोवर किंमत दोन लाखांपासून पुढे पोचली होती, वरच्या गाड्या ऑल्टोच्या दारात. मग बघणारा म्हणतो, एवढ्यात ऑल्टोच घेऊ की.

दादरचा_म्हातारा

मग सुरुवातीलाच डिकी आणि स्टिअरिंग दिलं असतं तर लाखात बसली असती का?

आकडेमोडे

नसती. आणि लाख नसते तर जगाने वळून बघितलंही नसतं. यावर माझ्याकडे उत्तर नाही. माझे दोन जुने सहकारी यावरून अजून भांडतात.

बाळासाहेब_६२

आता कळलं धागा कशाबद्दल आहे. मग सांगा, जुनी नॅनो घ्यावी का? मिसेसला मंडईत न्यायला हवी आहे. पेठेत राहतो, वाडा आहे, दारात जागा कमी.

चहाबाज

काका, तुम्हीच तो तिसरा माणूस! आकडेमोडे, सापडला बघा तुमचा सेगमेंट.

शोरूम_सोडलेला

काका, बघायचीच तर २०१५ नंतरची बघा, डिकी उघडते. मे २०१८ नंतरची शोधू नका, जून २०१८ मध्ये कारखान्यातून अख्ख्या महिन्यात एकच गाडी बाहेर पडली होती. सुटे भाग तुमच्या भागात कुठे मिळतात तेवढं आधी विचारा.

सोलापूरचा_पोरगा

काल संध्याकाळी आमच्या कॉलनीत आणि शेजारच्या दोन सोसायट्यांत फिरलो. तीन नॅनो सापडल्या. तिघांनाही विचारलं, ही घेतली तेव्हा घरात आधी काय होतं.

एक निवृत्त मास्तर, आधी स्कूटर. त्यांनी एलएक्स घेतलीय, म्हणजे मुक्ताताईंचा मुद्दा जिंकला. एक डॉक्टरीणबाई, आधी मोठी गाडी होती, ही दवाखान्यात जायला. तिसरे किराणा दुकानदार, त्यांना लग्नात सासऱ्यांनी दिली. हे कुठल्या सेगमेंटमध्ये टाकू?

मास्तरांना विचारलं, स्वस्त म्हणून घेतली का? ते जरा रागावले. म्हणाले, "स्वस्त म्हणून नाही घेतली. हिची आई गुडघ्यांमुळे स्कूटरवर बसू शकत नव्हती. या गाडीची सीट उंच आहे, वाकावं लागत नाही." हे मी कुठेच वाचलं नव्हतं.

सोमवारसाठी आता एवढं लिहिलंय: मनातलं गिऱ्हाईक स्कूटरवालं, पण हप्ता, कर्ज आणि शोरूममुळे गाडी पोचली दुसऱ्याकडे, आणि दोघांनाही सांगितला एकच आकडा, जो एकाला पुरेसा कमी नव्हता आणि दुसऱ्याला मिरवता येत नव्हता. चालेल का?

आकडेमोडे

चालेल. मास्तरांचा गुडघा पण लिही.

हिशेबी

आणि सासऱ्यांना वेगळा कप्पा दे. पैसे देणारा एक, वापरणारा दुसरा.

चहाबाज

आणि बघणारी सून तिसरी.